माल इथे, मालकी तिथे

चाकणच्या एका कारखान्यात 31 मार्चची साठामोजणी चालू आहे असं समजा. एका रॅकवर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे बेअरिंग रचलेले आहेत. मोजले तर 900 भरतात. त्यांतले 200 कारखान्याचे आहेत. उरलेले 700 त्याच रॅकवर, त्याच छपराखाली आहेत आणि उद्या सकाळी त्याच असेंब्ली लाइनवर जाणार आहेत, पण ते वाळूजच्या सप्लायरच्या मालकीचे आहेत. हातात घेऊन पाहिलं तर कुठला कोणाचा हे कळत नाही. ते कळतं फक्त संगणकात, आणि तेही नोंद बरोबर झाली असेल तरच.

या 700 नगांना कन्साइनमेंट स्टॉक म्हणतात. सप्लायर माल आधीच आणून ठेवतो. कारखाना लागेल तेव्हा लागेल तेवढा उचलतो आणि उचललेल्याचेच पैसे देतो. आपल्याकडे बाजार समितीत ही रीत जुनी आहे. शेतकऱ्याचा कांदा आडत्याच्या गाळ्यावर उतरला म्हणून आडत्या त्याचा मालक होत नाही. कारखान्यात फरक इतकाच की माल विकण्याऐवजी वापरला जातो आणि हिशेब ईआरपी ठेवते.

ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री आणि अकाउंट्स या सगळ्यांचं मिळून एकच सॉफ्टवेअर. एरवी स्टोअरकीपरने माल उतरवून घेतल्याची नोंद केली की त्याच क्षणी अकाउंट्समध्येही नोंद होते: साठा वाढला, सप्लायरचं देणं वाढलं. स्टोअरकीपरला त्यातलं डेबिट-क्रेडिट माहीत असावं लागत नाही. त्याने कुठल्या प्रकारची नोंद निवडली त्यावरून सिस्टिम ते ठरवते. कन्साइनमेंटची सगळी गंमत आणि सगळी गुंतागुंतही इथेच आहे.

मोठ्या कारखान्यांत बहुतेक सॅप असतं, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. सप्लायरला पाठवलेल्या ऑर्डरमध्ये त्या मालाच्या ओळीवर `K` हा प्रकार टाकलेला असतो. 10 मार्चला 1,000 बेअरिंग आले. स्टोअरकीपरने नेहमीच्याच `101` या प्रकाराने माल जमा केला, पण `K` मुळे तो सप्लायरच्या नावाने वेगळ्या खणात पडला. मटेरियल डॉक्युमेंट तयार झालं, अकाउंटिंगचं डॉक्युमेंट मात्र झालं नाही. नग 1,000 वाढले, रक्कम शून्याने वाढली. ऑर्डरवर दरही नसतो. तो दर-मास्टरमध्ये, त्या सप्लायरच्या आणि त्या मालाच्या नावाने, कन्साइनमेंटचा दर म्हणून वेगळा भरलेला असतो. आपल्या उदाहरणात तो नगाला 180 रुपये आहे.

स्टॉकचा रिपोर्ट काढला की स्वतःच्या साठ्याखाली आणखी एक ओळ दिसते, सप्लायरच्या कन्साइनमेंटची. उत्पादनाचं नियोजन करणारा भाग हे बेअरिंग उपलब्ध आहेत असंच धरतो आणि तसंच धरायला हवं, कारण लाइनला मालकीशी देणंघेणं नसतं. ताळेबंदासाठी साठ्याची किंमत काढणारा रिपोर्ट मात्र त्यांना मोजत नाही. एकाच बेअरिंगकडे एकाच सॉफ्टवेअरचे दोन भाग अशा दोन नजरांनी पाहतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

मार्चमध्ये 300 बेअरिंग वापरले गेले. मालकी बदलली ती त्या क्षणी. सिस्टिमने 300 गुणिले 180, म्हणजे 54,000 रुपये, सप्लायरचं देणं म्हणून दाखवलं. पण हे 54,000 दुसऱ्या बाजूला कुठे गेले हे माल कसा उचलला त्यावर ठरतं, आणि मूल्यांकनातला खरा फरक इथे दिसतो.

कारखान्याकडे स्वतःचे 200 बेअरिंग आधीपासून आहेत, सरासरी 174 रुपयांनी. त्यांची किंमत 34,800. पहिल्या रीतीत कन्साइनमेंटचे 300 बेअरिंग थेट उत्पादनाला दिले जातात. उत्पादनाच्या खर्चात पूर्ण 54,000 पडतात आणि स्वतःचे 200 आहेत तिथेच, 174 नेच राहतात. दुसऱ्या रीतीत ते 300 आधी `411` या नोंदीने स्वतःच्या साठ्यात घेतले जातात आणि मग उत्पादनाला जातात. आता 34,800 आणि 54,000 एकत्र होतात: 500 नग, 88,800 रुपये, सरासरी 177 रुपये 60 पैसे. उत्पादनाच्या खर्चात 53,280 पडतात आणि उरलेल्या 200 ची किंमत 35,520 होते. माल तोच, दर तोच, दिवस तोच. तरी बॅचच्या खर्चात आणि शिल्लक साठ्यात 720 रुपयांचा फरक पडला. चूक दोन्हींत नाही. पण अर्धा महिना एक रीत आणि अर्धा महिना दुसरी असं झालं तर कॉस्टिंगच्या माणसाला दर का हलले ते सापडत नाही. माझ्या मते कारखान्याने मालाच्या प्रकारानुसार एकच रीत ठरवावी आणि दुसरी स्टोअरला बंद करून टाकावी. (माल ठरावीक प्रमाण-दराने ठेवला असेल तर सरासरी हलत नाही, 180 आणि प्रमाण-दर यांतला फरक वेगळ्या खात्यात जाऊन बसतो.)

आता सर्वांत जास्त भांडणं जिथे होतात ती जागा. समजा 1 एप्रिलपासून सप्लायरने दर 189 केला. रॅकवरचे 700 बेअरिंग मार्चमध्ये आले होते, दर 180 असताना. एप्रिलमध्ये ते उचलले तर सिस्टिम कोणता दर लावेल? 189. कन्साइनमेंटमध्ये उचलण्याच्या दिवशी जो दर चालू असेल तो लागतो. माल आला त्या दिवसाच्या दराला सिस्टिम विचारत नाही. साध्या खरेदीच्या उलट आहे हे. साध्या खरेदीत माल उतरला की दर पक्का झाला. इथे 700 नगांवर 9 रुपयांप्रमाणे 6,300 रुपयांचा प्रश्न उभा राहिला. करारात ‘वापराच्या दिवसाचा दर’ असं लिहिलं असेल तर सिस्टिम बरोबर आहे. ‘माल आल्या दिवसाचा दर’ असं लिहिलं असेल, तर सिस्टिम आपणहून ते करणार नाही. बॅच वेगवेगळ्या ठेवून हाताने फरक काढावा लागेल. खरेदी विभाग करार करतो, दर-मास्टर दुसराच कोणी भरतो, आणि ते वाक्य दोघांनी मिळून कधी वाचलेलंच नसतं. वाद उठतो तेव्हा दोन्ही बाजू प्रामाणिकपणे आपापलं खरं मानत असतात.

दर-मास्टर वेळेवर भरलाच नाही तर वेगळाच घोटाळा होतो. दराची मुदत 31 मार्चला संपली, नवा दर अजून मंजुरीत अडकला आहे. 1 एप्रिलला पहिल्या पाळीत स्टोअरकीपर माल काढायला जातो आणि सिस्टिम दर सापडत नाही म्हणून अडवते. लाइन थांबवणं त्याच्या हातात नसतं. तो माल देतो, चिठ्ठी ठेवतो आणि नोंद नंतर करतो. किंवा, जास्त वेळा, नोंद लगेच करतो, पण कन्साइनमेंटऐवजी स्वतःच्या साठ्यातून, कारण तिथे सिस्टिम अडवत नाही. काम भागतं. पण आता संगणकात कन्साइनमेंट 700 आहे, प्रत्यक्षात तेवढी नाही. आणि स्वतःचा साठा 200 वरून खाली आला, जो प्रत्यक्षात हललेलाच नाही. सप्लायरचा माल वापरला गेला, त्याला पत्ताच नाही आणि पैसेही नाहीत.

ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. मोजणीत एकूण नग बरोबर जुळतात, पण स्वतःच्या ओळीत जेवढे नग जास्त भरतात तेवढेच कन्साइनमेंटच्या ओळीत कमी असतात. नुसती एकूण बेरीज तपासणाऱ्याला ती दिसणारच नाही. मोजणीचा कागद दोन ओळींचा असायला हवा, आणि त्यासाठी रॅकवरही माल वेगळा असायला हवा: वेगळा बिन, वेगळ्या रंगाचं बिन कार्ड. ज्या स्टोअरमध्ये दोन्ही माल एकाच बिनमध्ये पडतो तिथे संगणकातल्या दोन ओळींना प्रत्यक्षात काही आधार उरत नाही. मोजणीत कन्साइनमेंटचा माल खरोखरच कमी भरला, तर बहुतेक करारांप्रमाणे ती तूट ठेवणाऱ्याच्या माथी येते: वापरला असं धरून सप्लायरला पैसे द्यावे लागतात.

वापरलेल्या मालाचा हिशेब ठरावीक काळाने `MRKO` या व्यवहारातून होतो. त्या काळातल्या सगळ्या उचलींची यादी जमवून सिस्टिम सप्लायरच्या खात्यावर देणं चढवते. मूळ कल्पना अशी की सप्लायरने बिल पाठवायची गरजच नाही. आपल्याकडे ते तसं चालत नाही. जीएसटीचं क्रेडिट घ्यायला सप्लायरचं टॅक्स इन्व्हॉइस लागतं, म्हणून उचलीची यादी सप्लायरकडे जाते, तो तिच्यावरून बिल करतो, आणि मग बिल आणि यादी जुळवावी लागते. यादी उशिरा गेली की त्रास सप्लायरला होतो. मार्चमधले 300 बेअरिंग त्याच्या दृष्टीने मार्चची विक्री आहे. कारखान्याने यादी 8 एप्रिलला पाठवली तर त्याचं वर्ष संपलेलं असतं आणि वर्षअखेरच्या हिशेबात 54,000 ची विक्री राहून गेलेली असते.

जीएसटीत आणखी एक घड्याळ चालू असतं. असा माल साधारणपणे पसंती किंवा परती या तरतुदीखाली डिलिव्हरी चलनावर जातो, आणि त्या तरतुदीप्रमाणे माल निघाल्यापासून सहा महिन्यांत बिल करावंच लागतं, माल वापरलेला असो वा नसो. 10 मार्चला आलेले बेअरिंग 10 सप्टेंबरपर्यंत पडूनच राहिले तर त्या दिवसाच्या आत ते एक तर परत जायला हवेत, नाही तर कारखान्याने `411` ने स्वतःच्या साठ्यात घेऊन त्यांचं बिल स्वीकारायला हवं. कन्साइनमेंटच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये किती नग आहेत ते दिसतं, किती दिवसांपासून आहेत ते दिसत नाही. बॅच ठेवलेल्या नसतील तर हे घड्याळ कोणाच्या लक्षातच येत नाही.

आता वाळूजच्या सप्लायरच्या बाजूला जाऊ. त्याच्याही पुस्तकात हे 700 बेअरिंग आहेत, ‘ग्राहकाकडे असलेला आपला माल’ म्हणून. सॅप वापरत असेल तर ते `W` या खणात असतात. टॅली वापरत असेल तर गोदाम तयार करताना आपला माल परक्याकडे आहे असा पर्याय निवडता येतो. त्याचा उत्पादनखर्च नगाला 140 असेल तर त्याच्या ताळेबंदात 98,000 चा साठा दिसायला हवा. चाकणच्या ताळेबंदात शून्य. आणि 700 गुणिले 180, म्हणजे 1,26,000, हा आकडा दोघांच्याही पुस्तकात कुठेच नसतो, कारण तो नफा अजून कमावलेला नाही.

नेमका हाच आकडा मात्र एका जागी डोकं वर काढतो: बँकेला दर महिन्याला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये. कॅश क्रेडिटवर किती पैसे उचलता येतील ते साठ्यावरून ठरतं. स्टोअरमधून नगांची यादी येते, कोणीतरी एक्सेलमध्ये तिला दराने गुणतो, आणि सप्लायरचे 700 बेअरिंग कारखान्याचं तारण म्हणून बँकेपुढे जातात. हेतू वाईट नसतो, पण परक्याचा माल गहाण ठेवला गेला हे खरंच. तो सप्लायर छोटा असेल आणि कारखाना अडचणीत आला तर आपला माल रॅकवरून परत मिळवायला त्याला झगडावं लागतं. म्हणून करारात मालकीचं कलम, रॅकवर नावाची पाटी आणि दर महिन्याला दोघांनी सही केलेला शिल्लक दाखला हे तिन्ही सप्लायरने मागून घ्यावेत. भांडवल त्याचं अडकलेलं असतं. सोय कारखान्याला मिळते.

इथवर माल जवळ होता आणि मालकी दूर होती. एकाच समूहातल्या कंपन्यांमध्ये माल हलतो तेव्हा प्रश्न उलट्या बाजूने येतो: बाहेरच्याला सगळं एकाच घरचं वाटतं, पण कायद्याच्या दृष्टीने मालक बदललेला असतो.

त्याच चाकणच्या कारखान्यातून पंप भरलेले तीन ट्रक निघतात असं धरू. प्रत्येकात 100 पंप, उत्पादनखर्च नगाला 1,000 रुपये. पहिला ट्रक कंपनीच्याच नागपूर डेपोत जातो. राज्य एक, जीएसटी नंबर एक. डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल घेऊन माल जातो. साठा चाकणच्या नावावरून नागपूरच्या नावावर येतो, किंमत 1,000 च राहते. विक्री नाही, नफा नाही, करही नाही.

दुसरा ट्रक कंपनीच्याच हुबळी डेपोत जातो. मालक तोच, पण राज्य दुसरं, त्यामुळे जीएसटी नंबर वेगळा. जीएसटी कायदा एकाच कंपनीच्या दोन राज्यांतल्या नोंदण्यांना दोन वेगळ्या व्यक्ती मानतो. म्हणून टॅक्स इन्व्हॉइस करावं लागतं आणि आयजीएसटी भरावा लागतो; हुबळीला त्याचं क्रेडिट मिळतं. घेणाऱ्याला पूर्ण क्रेडिट मिळत असेल तर इन्व्हॉइसवर लिहिलेली किंमतच बाजारभाव मानली जाते, म्हणून कंपन्या त्यावर 1,000 लिहितात किंवा 1,150 ही लिहितात. पण इन्व्हॉइसवर काहीही लिहिलं तरी साठ्याची किंमत 1,000 च राहायला हवी. स्वतःच स्वतःला विकून कोणाला नफा होत नाही. तरी ही चूक वरचेवर सापडते: हुबळीचा माणूस हातातलं इन्व्हॉइस बघून साठा 1,150 ने चढवतो, आणि 100 पंपांवर 15,000 चा नफा, एकही पंप न विकता, कंपनीच्या पुस्तकात शिरतो. ईआरपीत नोंद नीट बांधलेली असेल तर कराची किंमत आणि साठ्याची किंमत यांचे रस्ते वेगळे असतात. माल निघताच पाठवणाऱ्याच्या खर्चाने त्याची किंमत हुबळीच्या ‘वाटेतला माल’ या खणात जाते आणि पोहोचल्यावर तिथून उचलली जाते. हुबळीची नोंद हाताने केली की हे दोन रस्ते एकमेकांत मिसळतात.

तिसरा ट्रक गोव्यात वेर्ण्याला जातो, समूहातल्याच विक्री कंपनीकडे. ही वेगळी नोंदणी झालेली, वेगळे संचालक असलेली, स्वतःचा ताळेबंद काढणारी कंपनी आहे. इथे 1,150 ने खरीखुरी विक्री होते. चाकणच्या कंपनीच्या पुस्तकात 1,15,000 ची विक्री, 1,00,000 चा खर्च, 15,000 नफा. वेर्ण्याच्या पुस्तकात 1,15,000 चा साठा आणि चाकणचं देणं. आयजीएसटीचं क्रेडिट मिळत असल्यामुळे तो साठ्याच्या किमतीत येत नाही. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या जागी बरोबरच केलं आहे.

तिन्ही ट्रकांच्या नोंदी स्क्रीनवर सारख्याच दिसतात. एक ऑर्डर, एक डिलिव्हरी, एक पावती. फरक हालचालीच्या प्रकारात असतो: घरच्या घरी `641`, कंपनी बदलली की `643`. या दोन आकड्यांमध्ये 31 मार्चची मोठी डोकेदुखी दडलेली आहे.

ट्रक 30 मार्चला चाकणहून निघाला आणि 2 एप्रिलला वेर्ण्याला पोहोचला. `641` असता तर वाटेतला माल हुबळीच्या नावाने सिस्टिममध्ये दिसला असता. `643` च्या जुन्या, सरळ पद्धतीत तसा खणच नसतो. चाकणचा साठा 30 तारखेला गेला, वेर्ण्याचा 2 तारखेला आला. 31 मार्चला रात्री ते 100 पंप समूहातल्या कुठल्याच कंपनीच्या साठ्यात नाहीत. दोन्ही कंपन्यांचे रिपोर्ट तपासा, दोन्ही निर्दोष. एकत्र केले की माल गायब. ते लक्षात येतं एकमेकांकडची बाकी जुळवताना: चाकण म्हणतं वेर्ण्याकडून 1,15,000 आणि कर येणं आहे, वेर्णे म्हणतं आमच्याकडे असं देणंच नाही.

उपाय करारातल्या एका कलमावर अवलंबून आहे: जोखीम आणि मालकी कारखान्याच्या दारात बदलते की पोहोचल्यावर. दारात बदलत असेल तर वेर्ण्याने 31 मार्चलाच वाटेतला माल आणि देणं अशी नोंद हाताने करायची आणि 1 एप्रिलला ती उलटवायची. पोहोचल्यावर बदलत असेल तर चाकणने ती विक्री मार्चमध्ये धरायलाच नको. पुष्कळ समूहांत आपापसांतल्या ऑर्डरवर हे कलम कोरंच असतं, घरातल्या घरात काय लिहायचं म्हणून. मग दोघं आपल्या सोयीचं धरतात. परक्या ग्राहकाच्या ऑर्डरवर जे लिहिता तेच इथेही लिहा, एवढंच सांगणं आहे. सॅपच्या नव्या आवृत्त्यांत कंपन्यांमधल्या मालासाठीही वाटेतला साठा दाखवण्याची सोय आली आहे, पण ती मांडून घ्यावी लागते आणि मालकी कुठे बदलते ते तिलाही सांगावंच लागतं.

आता नफा. कंपनी कायद्याप्रमाणे उपकंपन्या असलेल्या कंपनीला सगळ्यांचा मिळून एकत्रित ताळेबंद काढावा लागतो, आणि त्यात समूहाबाहेर न गेलेल्या मालावरचा आपापसांतला नफा काढून टाकायचा असतो. पुढच्या वर्षअखेरीपर्यंत वेर्ण्याच्या 100 पंपांपैकी 60 ग्राहकांना विकले गेले, 40 उरले असं धरू. 60 वरचा नफा खरा झाला. 40 वर नगाला 150 प्रमाणे 6,000 रुपये अजून कोणी बाहेरच्याने दिलेले नाहीत. वेर्ण्याच्या स्वतःच्या ताळेबंदात त्या 40 ची किंमत 46,000, आणि तिथे ती बरोबरच आहे. एकत्रित ताळेबंदात मात्र 40,000 च. माल आणायला बाहेरच्या ट्रकवाल्याला नगाला 20 रुपये दिले असतील तर ते साठ्यात राहतात, कारण ते पैसे खरोखर समूहाबाहेर गेले. काढायचा तो फक्त आपापसांतला नफा.

हे 150 रुपये वेर्ण्याच्या सिस्टिमला माहीत नसतात. तिच्या दृष्टीने 1,150 हीच किंमत आहे. त्यातला किती भाग चाकणचा नफा ते तिला कोणी सांगितलेलं नाही. सॅपमध्ये एकाच मालाच्या दोन किमती, कंपनीच्या नजरेतून एक आणि समूहाच्या नजरेतून एक, समांतर ठेवण्याची सोय आहे, पण ती बसवणं खर्चाचं आणि कटकटीचं काम आहे, म्हणून बहुतेक ठिकाणी हा हिशेब वर्षातून एकदा एक्सेलमध्ये होतो. तिथे चुकण्याची जागा ठरलेली आहे: किती नग उरले हा आकडा कुठून घेतला.

वेर्ण्याच्या गोदामात मोजले तर 25 पंप भरतात. मग एक्सेलमध्ये 25 लिहिले जातात, 150 ने गुणले जातात आणि 3,750 काढले जातात. उरलेले 15 कुठे आहेत? मडगाव आणि म्हापशाच्या डीलरांच्या दुकानांत, कन्साइनमेंटवर. वेर्ण्याच्या सिस्टिममध्ये ते `W` च्या खणात आहेत, गोदामाच्या ओळीत नाहीत. ग्राहकाला बिल झालेलं नाही, मालकी वेर्ण्याचीच आहे, म्हणजे समूहाच्या दृष्टीने तेही न विकलेलेच. त्यांच्यावरचे 2,250 रुपये काढायचे राहून गेले तर समूहाचा नफा तेवढ्याने फुगतो, आणि ते पकडायला कोणतीही बाकी जुळवून उपयोग नाही, कारण चाकणची आणि वेर्ण्याची खाती एकमेकांशी तंतोतंत जुळलेली असतात.

म्हणून हा आकडा गोदामाच्या मोजणीतून घेऊ नये. तो वेर्ण्याच्या साठ्याच्या किमतीच्या रिपोर्टमधून घ्यावा आणि त्या रिपोर्टची बेरीज खातेवहीतल्या साठ्याच्या खात्याशी जुळते का ते पाहावं. डीलरांकडचे 15 पंप त्या खात्यात असतातच, कारण कन्साइनमेंटवर पाठवताना वेर्ण्याने त्यांची किंमत खात्यातून काढलेली नसते. बेरीज 46,000 आली की 40 नग पुरे झाले, आणि काढायचे ते पूर्ण 6,000. त्यानंतरच्या वर्षात डीलरांनी ते पंप विकले की वेर्ण्याची बिलं होतात, आणि आधीच्या वर्षी बाजूला काढलेले हे रुपये त्या वर्षीच्या एकत्रित नफ्यात येऊन मिळतात.